एकच यंत्र, दोन चलनं: २०२२ मध्ये रुपया घसरला तेव्हा आयातीचा हिशेब कसा बदलला

जानेवारी २०२२. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका मशिन शॉपला नवा व्हीएमसी, म्हणजे धातूचे भाग कापणारं संगणकनियंत्रित यंत्र, घ्यायचा आहे. मालकाच्या टेबलावर दोन कोटेशन आहेत. एक तैवानच्या कंपनीचं, किंमत १,००,००० डॉलर. दुसरं जपानच्या कंपनीचं, किंमत १ कोटी १५ लाख येन. दोन्ही दर न्हावा शेवा बंदरापर्यंतच्या भाड्याविम्यासकट, म्हणजे सीआयएफ. दोन्हीकडे २० टक्के आगाऊ आणि उरलेले ८० टक्के यंत्र निघताना एलसीवर, म्हणजे बँकेच्या हमीच्या पतपत्रावर. दोन्ही पुरवठादार साधारण नऊ महिन्यांची मुदत मागतात, कारण त्या वर्षी चिप आणि कंट्रोलरची टंचाई होती.

त्या वेळी डॉलर सुमारे ७४.५० रुपयांना होता आणि एका डॉलरला ११५ येन मिळत होते. म्हणजे १०० येनला ६४.७८ रुपये. दोन्ही यंत्रांची किंमत रुपयांत काढली तर आकडा एकच येतो: साडेचौऱ्याहत्तर लाख. ऑक्टोबरमध्ये पैसे चुकते करताना मात्र दोन्हींत साडेपंधरा लाखांचा फरक पडला, आणि बंदरावरच्या शुल्काचा फरक वेगळाच.

कारखाना हिशेबासाठी कल्पिलेला आहे, दर त्या काळात बाजारात होते ते आहेत. हे वर्ष निवडण्याचं कारण असं, की ‘रुपया घसरला’ हे वाक्य किती अर्धवट असतं ते २०२२ इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. रुपया घसरला, पण कशाच्या तुलनेत? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय आयातीचा माल महागला की स्वस्त झाला हे सांगताच येत नाही.

डॉलर का चढला

विनिमय दर म्हणजे एका चलनाची दुसऱ्या चलनातली किंमत, आणि ती बाजारात ठरते. मुंबईत सकाळी नऊला बँकांमधला परकीय चलनाचा बाजार सुरू होतो. तेल कंपन्यांना कच्च्या तेलाचे पैसे द्यायचे असतात, त्यांची बँक डॉलर मागते. सॉफ्टवेअर कंपन्यांची बिलं वसूल झालेली असतात, त्यांची बँक डॉलर विकते. परदेशी गुंतवणूकदाराला शेअर घ्यायचे असतील तर तो डॉलर विकून रुपये घेतो, शेअर विकून परत जायचं असेल तर रुपये देऊन डॉलर घेतो. त्या दिवशी मागणारे जास्त असतील तर डॉलर चढतो. रोजचा दर इतक्या साध्या गोष्टीवर हलतो. अवघड प्रश्न एवढाच, की मागणारे महिनोन् महिने जास्त का राहतात.

२०२२ मध्ये त्याची दोन मोठी कारणं होती. पहिलं, तेल. फेब्रुवारीअखेर रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये ब्रेंट तेल काही तास पिंपाला १३९ डॉलरपर्यंत गेलं. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. तेवढंच तेल आणायला जास्त डॉलर लागले, म्हणजे मागणी वाढली.

दुसरं कारण व्याजदर, आणि वर्षभर चाललं ते हेच. वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, फेडचा, दर शून्य ते पाव टक्का होता आणि आपला रेपो दर ४ टक्के. महागाई आवरण्यासाठी फेडने मार्चपासून दर वाढवायला घेतले आणि सप्टेंबरच्या बैठकीत ते ३ ते ३.२५ टक्क्यांवर नेले. रिझर्व्ह बँकेनेही मेपासून दर वाढवले, पण सप्टेंबरअखेर रेपो ५.९० टक्के होता. म्हणजे त्यांनी तीन टक्क्यांनी वाढवले, आपण १.९० टक्क्यांनी. भारतात पैसे ठेवून मिळणारं जादा व्याज तेवढं आटलं. बिनजोखमीच्या अमेरिकी रोख्यावरच चांगलं व्याज मिळू लागलं, तेव्हा जगभरातून पैसा तिकडे वळला. परदेशी गुंतवणूकदारांनी त्या वर्षी भारतीय शेअर बाजारातून निव्वळ सुमारे १.२१ लाख कोटी रुपये काढून घेतले. त्यातल्या प्रत्येक रुपयाचा आधी डॉलर झाला, मग तो देशाबाहेर गेला.

१९ जुलैला डॉलरने पहिल्यांदा ८० रुपये ओलांडले आणि १९ ऑक्टोबरला ८३. रिझर्व्ह बँक गप्प बसली नव्हती. ती आपल्या गंगाजळीतून डॉलर विकत होती, जेणेकरून घसरण एका झटक्यात न होता पायरीपायरीने व्हावी. सप्टेंबर २०२१ मध्ये ६४२ अब्ज डॉलरची असलेली गंगाजळी ऑक्टोबर २०२२ मध्ये ५२५ अब्जांच्या आसपास आली. पण ही सगळी विक्री नव्हती. त्या आर्थिक वर्षातल्या घटीपैकी सुमारे ६७ टक्के घट केवळ मूल्यांकनामुळे आहे, असं गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी सप्टेंबरअखेरच्या पतधोरणात सांगितलं होतं. गंगाजळीत युरो आणि येनसारख्या चलनांतली मालमत्ताही असते, मोजली मात्र ती डॉलरमध्ये जाते. ती चलनं डॉलरपुढे घसरली की काही न विकताही आकडा कमी दिसतो. आपल्या दोन कोटेशनची गोष्ट इथेच सुरू होते.

येन आणखी का पडला

त्या वर्षी डॉलर बहुतेक सगळ्या चलनांच्या तुलनेत चढत होता. युरो वीस वर्षांत प्रथमच एका डॉलरच्या खाली गेला. जानेवारीत सुमारे ८४ रुपयांना असलेला युरो सप्टेंबरअखेर ७८-७९ रुपयांना मिळत होता. वर्तमानपत्रात ‘रुपया नीचांकावर’ असा मथळा असताना जर्मनीहून माल आणणाऱ्याला तो स्वस्त पडत होता.

मोठ्या चलनांत येनची अवस्था सर्वांत बिकट होती. बँक ऑफ जपानने व्याजदर उणे ०.१ टक्क्यावरच ठेवले. शिवाय दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरचं व्याज पाव टक्क्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं तिचं धोरण होतं. त्यासाठी ती लागतील तेवढे रोखे विकत घेत होती. अमेरिकेच्या तशाच रोख्यावर ऑक्टोबरमध्ये ४ टक्क्यांहून जास्त व्याज मिळत होतं. येन उसने घ्यायचे, डॉलर घ्यायचे आणि दोन्हींतलं अंतर खिशात टाकायचं, हा व्यवहार करणाऱ्यांची रांग लागली. २२ सप्टेंबरला जपान सरकारने १९९८ नंतर पहिल्यांदाच बाजारात उतरून येन विकत घेतले, तरी महिन्याभरात डॉलरने १५० येन ओलांडले.

आता रुपया-येनचा दर काढू. मुंबईत रुपया आणि येन यांचा थेट व्यवहार फारसा होत नाही. दर निघतो तो डॉलरमधून. २० ऑक्टोबरच्या आसपास डॉलर सुमारे ८२.८० रुपयांना आणि १५० येनला होता. ८२.८० ला १५० ने भागलं की १०० येनला ५५.२० रुपये येतात. जानेवारीत ६४.७८ होते. म्हणजे त्याच नऊ महिन्यांत रुपयात मोजलेला डॉलर ११ टक्क्यांनी महागला आणि येन जवळपास १५ टक्क्यांनी स्वस्त झाला. डॉलरपुढे रुपया पडला, येन त्याहून जोरात पडला. पडणाऱ्या दोघांत आपण कमी पडलो, म्हणून येनपुढे रुपया वधारला.

पैसे चुकते करतानाचा हिशेब

दोन्ही कोटेशनचे २० टक्के आगाऊ जानेवारीत गेले, टीटीने, म्हणजे बँकेतून थेट पाठवून. डॉलरच्या यंत्राचे २०,००० डॉलर म्हणजे १४.९० लाख रुपये, येनच्या यंत्राचे २३ लाख येन म्हणजे तेवढेच १४.९० लाख. हा भाग बदलत नाही, कारण त्याचा दर त्याच दिवशी ठरून गेला.

उरलेल्या ८० टक्क्यांचा दर ऑक्टोबरचा. ८०,००० डॉलरला ८२.८० ने ६६.२४ लाख रुपये लागले. एकूण ८१.१४ लाख, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा ६.६४ लाख जास्त. येनच्या यंत्राचे उरलेले ९२ लाख येन ५५.२० च्या दराने ५०.७८ लाखांना पडले. एकूण ६५.६८ लाख, म्हणजे ८.८२ लाख कमी. दोन्हींतलं अंतर १५.४६ लाख. यंत्राच्या स्पिंडलमध्ये, टूल चेंजरमध्ये किंवा टेबलाच्या मापात कणभरही फरक पडलेला नाही. हे अंतर पूर्णपणे कोटेशनवरच्या चलनाच्या चिन्हाचं आहे.

बंदरावर लागणारा दर वेगळा असतो

बऱ्याच नव्या आयातदारांची चूक होते ती इथे. त्यांना वाटतं, आपण सरासरी ज्या दराने पैसे भरले त्याच दराने सीमाशुल्क लागेल. तसं नाही. शुल्क काढायला लागणारा विनिमय दर सीमाशुल्क खातं स्वतः अधिसूचनेने जाहीर करायचं, त्या काळात पंधरवड्यातून एकदा. आयातीसाठी वेगळा दर आणि निर्यातीसाठी वेगळा. आयातीचा दर बाजारभावापेक्षा थोडा चढाच असतो. यादीत येनचा दर १०० येनचा असतो, हे न पाहिल्यामुळे हिशेबात शंभरपट चूक केलेले कागदही दिसतात. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं सीमाशुल्काकडचं घोषणापत्र, ज्या दिवशी दाखल होतं त्या दिवशी लागू असलेला दर धरतात, आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. जानेवारीत भरलेल्या २० टक्क्यांचा स्वस्त दर इथे उपयोगी पडत नाही.

ज्या यंत्रावर मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के आहे त्याचा हिशेब असा चालतो. आधी किंमत रुपयांत आणायची. तिच्यावर ७.५ टक्के मूळ शुल्क. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे किमतीच्या ०.७५ टक्के. मग या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. किंमत १०० धरली तर एकूण भरणा २७.७३५ येतो. विनिमय दर तळाशी आहे आणि कर त्याच्यावर एकावर एक चढलेले आहेत, म्हणून दर एक रुपयाने हलला की खर्च सव्वा रुपयाहून जास्त हलतो.

समजा डॉलरचा अधिसूचित दर जानेवारीत ७५.२५ आणि ऑक्टोबरमध्ये ८३.५० होता. १,००,००० डॉलरच्या यंत्रावरचा भरणा २०.८७ लाखांवरून २३.१६ लाखांवर गेला, म्हणजे २.२९ लाखांची वाढ. येनच्या यंत्रासाठी १०० येनला ५६.५० दर धरला तर किंमत ६४.९८ लाख आणि भरणा १८.०२ लाख. यातल्या आयजीएसटीची वजावट नोंदणीकृत कारखान्याला नंतर मिळते, पण पैसे आधी बंदरावर मोजावे लागतात. तेवढी रोख हाताशी नसेल तर कंटेनर थांबतो आणि तो अडकवून ठेवल्याचं रोजचं भाडं, डिटेन्शन, सुरू होतं. मूळ शुल्क आणि अधिभार मात्र परत मिळत नाहीत: डॉलरच्या यंत्रावर ६.८९ लाख, येनच्या यंत्रावर ५.३६ लाख. हा दीड लाखाचा फरक आधीच्या साडेपंधरा लाखांत मिळवला की अंतर सतरा लाखांवर जातं.

(भारत आणि जपान यांच्यात २०११ पासून व्यापार करार आहे आणि उत्पत्ती प्रमाणपत्र जोडलं तर बऱ्याच यंत्रांवर मूळ शुल्कात सवलत मिळते. तुलना फक्त चलनाची राहावी म्हणून ती इथे धरलेली नाही. खऱ्या खरेदीत कोटेशन मागवतानाच ते प्रमाणपत्र मागावं.)

जानेवारीतच दर बांधला असता तर

बँकेत जाऊन ‘ऑक्टोबरमध्ये ८०,००० डॉलर लागतील, आजच दर ठरवा’ असं सांगता येतं. याला फॉरवर्ड बुकिंग म्हणतात. जानेवारीत बँकेने ७४.५० चा दर दिला नसता. वर्षाचा प्रीमियम तेव्हा साडेचार टक्क्यांच्या आसपास होता, नऊ महिन्यांचे साधारण अडीच रुपये. म्हणजे बांधलेला दर सुमारे ७७.

हे अडीच रुपये बँकेचा नफा नसतो, हे समजून घेणं फार गरजेचं आहे. पुढे डॉलर देण्यासाठी बँक आजच रुपये उसने घेऊन डॉलर विकत घेते आणि नऊ महिने ठेवते. रुपयांवर तिला ४-५ टक्के व्याज भरावं लागतं, डॉलर ठेवून जवळजवळ काहीच मिळत नाही. त्या दोन व्याजांतला फरक म्हणजे प्रीमियम. डॉलर ७७ ला जाईल असं भाकीत त्यात मुळीच नसतं. म्हणूनच फेडने व्याज वाढवल्यावर, रुपया पडत असतानाही, हा प्रीमियम उतरत गेला.

७७ ने बांधलं असतं तर उरलेल्या रकमेला ६१.६० लाख लागले असते, प्रत्यक्षात ६६.२४ लाख लागले. ४.६४ लाख वाचले असते. पण जानेवारीत हा निर्णय सोपा नव्हता. त्याआधीचं वर्षभर डॉलर साधारण ७२ ते ७६ मध्येच फिरत होता. तशा वेळी ‘आत्ताच अडीच रुपये जास्त कशाला द्यायचे’ हा विचार कोणाच्याही मनात येतो, आणि बहुतेक लहान कारखाने दर न बांधताच राहिले.

आता तेच येनच्या यंत्राला लावून पाहू. जपानचं व्याज शून्याखाली होतं, म्हणून येनचा प्रीमियम डॉलरपेक्षाही थोडा जास्त पडला असता. १०० येनचा दर ६७ रुपयांच्या आसपास बांधला गेला असता आणि ९२ लाख येनला सुमारे ६१.६ लाख मोजावे लागले असते. न बांधता लागले ५०.७८ लाख. दर बांधणाऱ्याने जवळपास अकरा लाख जास्त दिले असते.

मग बांधावं की नाही? ऑक्टोबरच्या दराकडे पाहून जानेवारीचा निर्णय चूक की बरोबर हे ठरवू नये. जानेवारीत विचारायचा प्रश्न एकच: डॉलर किंवा येन १० टक्क्यांनी महागला तर हे यंत्र माझ्या कर्जाच्या मंजुरीत बसेल का? यंत्राचं मुदत कर्ज रुपयांत मंजूर होतं. ७५ लाख धरून मंजूर झालेल्या प्रकल्पात साडेसहा लाख वाढले की ते मालकाच्या खिशातून किंवा खेळत्या भांडवलातून जातात, आणि खेळतं भांडवल यंत्रात अडकलं की कच्च्या मालाची बिलं थकतात. ज्याला हे परवडणार नाही त्याने बांधावं, स्वस्तात मिळण्याची संधी सोडून बांधावं. ज्याच्याकडे उसंत आहे त्याने निम्मं बांधावं.

बांधताना एक बारकावा सांभाळायला हवा. यंत्र ठरल्या तारखेला निघतंच असं नाही, आणि २०२२ मध्ये तर फार कमी निघाली. एका तारखेऐवजी ‘१ ते ३१ ऑक्टोबर यादरम्यान कधीही’ असा महिनाभराचा कालावधी घेता येतो. आयातदाराकडून बँक प्रीमियम मात्र शेवटच्या तारखेपर्यंतचा धरते. जहाज नोव्हेंबरवर गेलं तर मुदत संपण्याआधीच बँकेला कळवून करार पुढे न्यावा लागतो. मुदत उलटली तर करार बाजारभावाने रद्द होतो, आणि तोटा निघाला तर तो ग्राहकाच्या खात्यावर पडतो.

मशिन शॉप स्वतः निर्यात करत असेल तर चित्र पालटतं. कोल्हापुरातून कास्टिंग आणि मशिन केलेले भाग परदेशी जातात, बिलं बहुधा डॉलर किंवा युरोत. ज्याला दर महिन्याला डॉलर मिळतात त्याच्यासाठी डॉलरचं कोटेशन हीच सुरक्षित जागा, कारण यंत्र महागतं तेव्हा त्याची वसुलीही तेवढीच वाढते. हे डॉलर ईईएफसी, म्हणजे निर्यातदाराच्या परकीय चलनाच्या खात्यात ठेवून थेट पुरवठादाराला देता येतात, म्हणजे विकताना आणि घेताना असं दोनदा बँकेचं मार्जिन जात नाही. मात्र या खात्यातली शिल्लक पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरावी किंवा रुपयांत बदलावी लागते, म्हणून नऊ महिने साठवून ठेवणं जमत नाही.

बँकेचं मार्जिन आणि विक्रेत्याची बाजू

वर सगळीकडे बाजारातला दर धरला आहे. शाखेत मिळणारा दर त्याहून चढा असतो. काउंटरवरच्या कार्ड रेटमध्ये डॉलरमागे ५० पैसे किंवा त्याहूनही जास्त सहज मिसळलेले असतात. ८०,००० डॉलरवर ५० पैसे म्हणजे ४०,००० रुपये. येनच्या बाबतीत बँक आधी रुपया-डॉलर आणि मग डॉलर-येन असं करते, म्हणून मार्जिन दोन ठिकाणी बसू शकतं. व्यवहाराच्या वेळी बँकेकडून आंतरबँक दर आणि मार्जिन वेगवेगळे लिहून मागावेत. त्या दिवशीचा एफबीआयएल या संस्थेने जाहीर केलेला बाजाराचा संदर्भ दर शेजारी ठेवला की किती कापलं ते लगेच दिसतं. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने २०१९ मध्ये सुरू केलेल्या एफएक्स-रिटेल या मंचावर लहान ग्राहकालाही बाजारातला डॉलरचा दर मिळतो, बँक तिचं मार्जिन वेगळं आणि आधी सांगून घेते. शाखा हे आपणहून सुचवेल अशी वाट पाहू नये.

विक्रेत्याकडे काय घडलं हेही पाहायला हवं. जानेवारीत एका अमेरिकी डॉलरला साडेसत्तावीस-अठ्ठावीस तैवान डॉलर मिळत होते, ऑक्टोबरअखेर ३२ च्या वर. तैवानच्या कंपनीचे मजूर, वीज, ओतीव भाग सगळं तैवान डॉलरमध्ये. तिला त्याच १,००,००० डॉलरमागे सुमारे १५ टक्के जास्त मिळाले, आपल्या कारखानदाराने मोजलेले जादा पैसे अंशतः तिकडे जमा झाले. नवी ऑर्डर देणाऱ्याला ऑक्टोबरमध्ये हे माहीत असेल तर तो ५-७ टक्के सूट ठामपणे मागू शकतो, आणि विक्रेत्याला ती परवडते. आधीच सही झालेल्या करारात हे जमत नाही. त्यासाठी करारातच कलम लागतं: ठरलेल्या दरापासून ५ टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार झाला तर वरचा फरक दोघांनी निम्मा निम्मा सोसायचा. हे कलम दोन्ही दिशांनी चालतं, म्हणून विक्रेतेही ते मान्य करतात.

दुकानातल्या मालापर्यंत हे कसं पोचतं

यंत्राचा खरेदीदार दर थेट सोसतो. किरकोळ मालात मधले हात, साठा आणि सरकार येतं. पामतेलाचंच बघा. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ ला निर्यातबंदी केली तेव्हा भाव आकाशाला भिडले. मेअखेर बंदी उठली आणि सप्टेंबरपर्यंत मलेशियातले भाव जवळपास निम्म्यावर आले. त्या काळात डॉलर ७६ वरून ८१ वर गेला, तरी बंदरावर येणारं तेल स्वस्तच झालं. डॉलरमधली मूळ किंमतच निम्मी झाली तिथे पाच-सात टक्के चढलेला डॉलर झाकला गेला. पेट्रोलचं उलट. केंद्राने २२ मे २०२२ पासून उत्पादन शुल्क ८ रुपयांनी कमी केलं, जुलैमध्ये महाराष्ट्राने व्हॅट ५ रुपयांनी घटवला, आणि मुंबईतला भाव १०६.३१ रुपयांवर स्थिर झाला. त्यानंतर डॉलर ८० च्या वर गेला, तेल खालीवर झालं, पण पंपावरचा आकडा हलला नाही. फरक तेल कंपन्यांच्या ताळेबंदात गेला. पंपावरचा भाव पाहून विनिमय दराचा परिणाम मोजायला जाणाऱ्याला म्हणूनच काही सापडत नाही.

यंत्र तीन महिने उशिरा आलं असतं तर

आता पुन्हा जपानी यंत्राकडे. समजा कंट्रोलर न मिळाल्याने ते ऑक्टोबरऐवजी जानेवारी २०२३ च्या मध्याला निघालं. डिसेंबरमध्ये बँक ऑफ जपानने रोख्यावरच्या व्याजाची मर्यादा पाव टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर नेली. एवढ्याशा बदलाने येन उसने घेऊन डॉलर घेतलेल्यांची ते परत करायची घाई उडाली. जानेवारीच्या मध्याला डॉलर १२८ येनच्या आसपास आला होता, रुपया साधारण ८१.५० वर. १०० येनला जवळजवळ ६३.७० रुपये. उरलेल्या ९२ लाख येनला आता ५८.६० लाख लागले असते, म्हणजे तीन महिन्यांपूर्वीपेक्षा पावणेआठ लाखांहून जास्त. रुपया-डॉलरचा दर या तीन महिन्यांत जेमतेम सव्वा रुपया हलला, तोही रुपयाच्या बाजूने. फक्त डॉलरचा भाव पाहणाऱ्या मालकाला आपलं बिल कशाने वाढलं हे कळलंच नसतं.